घरपट्टीची नोटीस मेलबर्नला पाठवताना

प्रश्न : आमच्या गावच्या घराच्या घरपट्टीची थकबाकीची नोटीस आली आहे. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबाही गेले आणि थोरले काकाही. काकांची मुलगी मेलबर्नला असते. तिकडेच वाढल्यामुळे तिला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. घरात आम्ही राहतो. ताई म्हणाली, "मला सोप्या इंग्रजीत करून पाठव, काय आणि किती भरायचं ते कळू दे." मी पहिल्याच वाक्यात अडकले. शब्दशः केलं तर माझं मलाच कळत नाही आणि सारांश केला तर काहीतरी सुटेल अशी भीती वाटते. त्यात 'जप्ती' आहे, 'कलम 129' आहे आणि माझ्या बाबांचं नाव 'भोगवटादार' म्हणून आहे. सोबत लोकअदालतीचा एक कागदही आहे. नावं झाकून फोटो पाठवते आहे. काय करू?
— एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : शब्दशः नको आणि सारांशही नको. नोटीस आधी घरात बोलतो तशा मराठीत उतरवून काढा आणि मग त्या मराठीचं इंग्रजी करा. काम दुप्पट वाटेल, पण खरं तर वेळ वाचतो. सरकारी मराठीतून थेट इंग्रजीत गेलं की 'कळविण्यात येते', 'करणेत येईल' अशी कर्ता नसलेली वाक्यं तशीच पलीकडे पोचतात, आणि कोण कुणाला काय करायला सांगतंय हे ताईला शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरी गोष्ट, कागद दोन करा. पहिल्यावर नोटीस जे म्हणते तेवढंच. तुम्हाला माहीत असलेलं, तुमच्या शंका, बाबांचं म्हणणं हे सगळं दुसऱ्यावर. कुठल्याही अनुवादाला ही सवय बरी, पण तुम्हाला ती पाळावीच लागेल, कारण अनुवाद करणारी त्याच घरात राहते आणि नोटिशीत तिच्या वडिलांचं नाव आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मिसळल्या तर उद्या ताईला वाटेल, अमुक वाक्य ग्रामपंचायतीचं की तुमच्या बाबांचं?

आता तुम्ही जिथे अडकलात ते वाक्य घेऊ. फोटोत ते असं आहे :

"उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपले नावे ग्रामपंचायत दप्तरी नोंद असलेल्या मालमत्तेचे सन 2021-22 ते 2024-25 अखेर थकीत व सन 2025-26 चे चालू कराची रक्कम आपणाकडून येणे असून, वारंवार सूचना देऊनही आपण सदर रकमेचा भरणा केलेला नाही. सबब, सदर नोटीस मिळालेपासून 30 दिवसांचे आत संपूर्ण रकमेचा भरणा करून रीतसर पावती घ्यावी, अन्यथा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 चे कलम 129 अन्वये जप्तीची कारवाई करणेत येईल व त्यास होणारे खर्चास आपण जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी."

यातले 'उपरोक्त विषयान्वये', 'सबब', 'सदर', 'याची नोंद घ्यावी' हे शब्द खुशाल गाळा. त्यांनी अर्थात भर पडत नाही. 'रीतसर पावती घ्यावी' मात्र गाळू नका, ती खरी सूचना आहे. उरलेलं साध्या मराठीत असं होतं :

"ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत हे घर आजोबांच्या नावावर आहे. एप्रिल 2021 ते मार्च 2025 या चार वर्षांचा आणि एप्रिल 2025 ते मार्च 2026 या चालू वर्षाचा कर भरलेला नाही, असं ग्रामपंचायत म्हणते. आधी अनेकदा आठवण करून दिली होती, असंही ती म्हणते. ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत पूर्ण रक्कम भरा आणि पावती घ्या. न भरल्यास ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 129 खाली जप्ती करेल आणि तिचा खर्चही वसूल करेल."

याचं इंग्रजी तुम्हाला सहज जमेल. दोन जागा मात्र बघा. 'वारंवार सूचना देऊनही' हे छापील नोटिशीतलं ठरलेलं वाक्य आहे. सूचना खरंच दिल्या असतील किंवा नसतीलही. म्हणून 'तुम्हाला अनेकदा कळवलं होतं' असं न लिहिता 'कळवलं होतं असं ग्रामपंचायत म्हणते' असं लिहा. नाहीतर ताई पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल : कळवलं होतं, तर मला का नाही सांगितलं?

दुसरी जागा वर्षांची. '2025-26' हे आपल्याला न सांगता कळतं. ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपतं. नुसते आकडे लिहिले तर ताई ते तिच्या सवयीने वाचेल, म्हणून महिन्यांची नावं लिहा.

मेलबर्नच्याच माणसाला पाठवायचं म्हणून आणखी एक सुचवतो. 'घरपट्टी'साठी 'हाउस टॅक्स' लिहिलं तर चुकत नाही, पण तिकडे घरामागे स्थानिक संस्थेला जे वर्षाला भरतात त्याला 'कौन्सिल रेट्स' म्हणतात. "गावच्या ग्रामपंचायतीचे कौन्सिल रेट्स" एवढं म्हटलं की ताईला एका ओळीत उमगेल. हीच नोटीस न्यू जर्सीला जायची असती तर 'प्रॉपर्टी टॅक्स' लिहायला सांगितलं असतं. इंग्लंडला मात्र 'कौन्सिल टॅक्स' हा शब्द टाळायला सांगितला असता, कारण तिथे तो साधारणपणे राहणारा भरतो आणि तुमच्या घरात नेमका तोच मुद्दा नाजूक आहे.

'लँड टॅक्स' हा शब्द मात्र कुठेही नको. तुमची आंब्याची बाग असेल तर तिचा शेतसारा या नोटिशीत नाही. तो महसूल खात्याचा विषय, आणि तो तलाठी बघतात. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते. शेताची असते सातबाऱ्यावर आणि तलाठ्याकडच्या गाव नमुना 8-अ मध्ये. गावात बोलताना दोन्हींना 'आठ अ' म्हणतात, त्यामुळे परदेशात बसलेली माणसं घराच्या नोटिशीवरून शेताची काळजी करत बसतात. त्यात 2024 पासून ग्रामसेवकांचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठ्यांचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे. नोटिशीखाली ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही आहे, तेव्हा इंग्रजीतही पदनाम पूर्ण लिहा. नुसतं 'व्हिलेज ऑफिसर' लिहिलं तर कोणता ते कळणार नाही.

आता तक्ता. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखच केला नाहीत, आणि मला नोटिशीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. त्यात चार बाबी आहेत. घरपट्टी मागील 3,120, चालू 780. दिवाबत्ती कर मागील 200, चालू 50. आरोग्य कर मागील 200, चालू 50. विशेष पाणीपट्टी मागील 4,800, चालू 1,200. खाली मागील रकमेवर 5 टक्के दंड 416 आणि एकूण 10,816 रुपये.

'मागील' म्हणजे 'गेल्या वर्षीचं' नव्हे. ती चालू वर्षाआधीची सगळी थकबाकी आहे, इथे चार वर्षांची. 'लास्ट इयर' लिहिलंत तर ताईला एका वर्षाची घरपट्टी 3,120 वाटेल आणि यंदा ती एकदम 780 वर कशी आली, हे कोडं तिला पडेल. पडताळा सोपा आहे. 780 चोक 3,120, 50 चोक 200, 1,200 चोक 4,800. चारही बाबी चार वर्षांना बरोबर भागल्या जातात, म्हणजे या काळात दर बदललेले नाहीत आणि अधेमधे काही भरल्याचीही नोंद नाही. मागील बेरीज 8,320, तिचे 5 टक्के 416. दंड एकदाच लावलेला आहे. त्यामुळे इंग्रजीत 'पेनल्टी' लिहा, 'इंटरेस्ट' लिहू नका. व्याज म्हटलं की ते दरवर्षी चढत जाणार असा अर्थ निघतो, आणि तसं इथे काही दिसत नाही.

हा तक्ता चारही बाबींसह जसाच्या तसा द्या. "एकूण प्रॉपर्टी टॅक्स 10,816 रुपये" अशी एक ओळ करण्याचा मोह होईल, कारण सोपं इंग्रजी मागितलंय. पण त्या ओळीने ताईची फसगत होईल. विशेष पाणीपट्टी म्हणजे घरातल्या नळाच्या जोडणीचे पैसे. ते मागील आणि चालू मिळून 6,000 होतात, म्हणजे एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त. शिवाय दंडातले 240 रुपयेही पाण्याच्याच थकबाकीवरचे आहेत. नळ वापरता तुम्ही. पाण्याचे पैसे कोणी भरायचे ते तुम्ही आणि ताई आपसांत ठरवाल, पण ठरवण्याआधी तिला तो आकडा वेगळा दिसला पाहिजे. घराच्या मालकीशी जोडलेले कर म्हणून जे उरतात ते 4,400 रुपये आणि त्यावरचा 176 दंड.

याच तक्त्यात तुमची आणखी एक परीक्षा आहे. समजा बाबांच्या कपाटात 2022-23 च्या पाणीपट्टीची पावती सापडली. मग खरी बाकी 1,200 ने कमी, दंड 60 ने कमी, आणि एकूण 9,556 होईल. तरीही अनुवादात 10,816 च राहील. नोटीस चुकीची असली तरी अनुवाद नोटिशीशी प्रामाणिक हवा, कारण ग्रामपंचायतीशी बोलताना ताईच्या हातातला आकडा आणि त्यांच्या हातातला आकडा एकच असायला हवा. पावती सापडल्याचं दुसऱ्या कागदावर लिहा. आणि खरंच शोधा. पावती फाडली पण मागणी नोंदवहीत जमा चढली नाही, असं घडतं. कराची पावती नमुना 10 ची असते. तिच्यावरचा मालमत्ता क्रमांक आणि वर्ष नोटिशीशी जुळतं का, ते पाहा. पावती जुळत असेल तर ती घेऊन कार्यालयात जा आणि नमुना 9, म्हणजे कर मागणी नोंदवहीतलं तुमचं पान दाखवायला सांगा. ताईला पैसे पाठवायला सांगण्याआधी हे करून घेतलंत तर बरं.

आता नावं. नोटिशीत मालक म्हणून आजोबांचं नाव, त्यापुढे 'व इतर', आणि भोगवटादार म्हणून बाबांचं. 'व इतर'चं 'अँड अदर्स' एवढंच करा. ते इतर कोण, हे तुम्हाला माहीत असलं तरी तिथे नावं घालू नका. नोटिशीत नसलेला वारस अनुवादात आला की तो कागद वेगळ्याच कामाचा होऊन बसतो. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग ताईच्या पासपोर्टवरच्या आडनावाशी जुळणार नाही कदाचित. नोटिशीत जसं आहे तसं उतरवा आणि 'हेच आपलं आडनाव' ही टीप दुसऱ्या कागदावर द्या.

'भोगवटादार' इथे म्हणजे घरात प्रत्यक्ष राहणारा, वापरणारा. सातबाऱ्यावर हाच शब्द जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यात येतो, आणि शब्दकोश बघून अनुवाद करणारे तिथून 'पझेसर' किंवा 'होल्डर' उचलतात. ते ताईच्या वकील मित्राने वाचलं तर तुमच्या बाबांनी घरावर हक्क सांगितला असं त्याला वाटेल. 'ऑक्युपायर' लिहा आणि पुढे चार शब्दांत, 'सध्या घरात राहणारी व्यक्ती'. बाबांना वाईट वाटेल म्हणून तो रकाना गाळूही नका. तो दिसल्यावर ताई जे काही विचारेल ते आत्ताच विचारलेलं बरं.

याला जोडूनच, दुसऱ्या कागदावर एक वाक्य जरूर लिहा : नमुना 8 मधली नोंद ही कर वसूल करण्यासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. घरपट्टी ताईने भरली म्हणून तिचा हिस्सा वाढत नाही, बाबांनी भरली म्हणून तिचा कमी होत नाही. मालकीचं काय ते वारस नोंद, वाटणीपत्र, खरेदीखत यांवरून ठरेल. परदेशातल्या हिस्सेदाराच्या मनात ही शंका असतेच, बहुधा ती बोलून दाखवली जात नाही. आणि नोटीस दोन्ही नावं देते, पण कोणी किती भरायचं हे ती सांगत नाही. तुम्हीही अनुवादात ते ठरवू नका.

'जप्ती'कडे वळू. याचं 'युअर प्रॉपर्टी विल बी कॉन्फिस्केटेड' असं केलंत तर मेलबर्नला त्याच रात्री फोन खणखणतील. कलम 129 चा क्रम असा आहे. आधी कराचं बिल येतं. ते मुदतीत भरलं नाही तर मागणीची नोटीस बजावतात, तिला इंग्रजी कायद्यात 'रिट ऑफ डिमांड' म्हणतात. ती बजावल्यापासून 30 दिवसांत रक्कम आली नाही तर ग्रामपंचायत थकबाकीदाराची जंगम मालमत्ता, म्हणजे हलवता येण्याजोग्या वस्तू, जप्त करून विकू शकते. तेवढ्यानेही वसुली झाली नाही तर प्रकरण महसूल यंत्रणेकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तिथे मात्र स्थावर मालमत्तेपर्यंत हात पोचू शकतो. म्हणजे पहिली जप्ती घराची नाही, वस्तूंची. पण 'काही होत नाही, सगळ्यांनाच अशा नोटिसा येतात' असं म्हणून ती हसण्यावारीही नेऊ नका.

तर पहिल्या कागदावर 'जप्तीची कारवाई' यासाठी 'सीझर' हा साधा शब्द. कायद्याच्या पुस्तकात 'डिस्ट्रेंट' आहे, पण तो ताईलाच काय, इंग्रजी मातृभाषा असलेल्या बहुतेकांनाही शब्दकोशात बघावा लागेल. आणि जंगम वस्तूंचा खुलासा नोटिशीत नाही, म्हणून तो दुसऱ्या कागदावर. शिवाय या वस्तू ज्या घरात आहेत तिथे राहता तुम्ही, त्यामुळे या वाक्याची झळ ताईच्या आधी तुम्हाला लागेल. तेही लिहायला हरकत नाही. काही ग्रामपंचायतींच्या छापील नोटिशींत अजून 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' असतं. कायदा तोच, नाव बदललं आहे.

30 दिवस कधीपासून मोजायचे? नोटिशीवर जावक क्रमांकाशेजारी तारीख 5 जानेवारी 2026 आहे, पण फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बाबांची सही आणि 9 जानेवारी दिसते. मुदत नोटीस मिळाल्यापासून आहे, म्हणून 9 पासून मोजा. 8 फेब्रुवारी येते, आणि तो रविवार आहे. ताईला व्यवहारात शुक्रवार, 6 फेब्रुवारी सांगा. पण अनुवादात '6 फेब्रुवारीपर्यंत भरा' लिहू नका, तिथे 'मिळाल्यापासून 30 दिवसांत' एवढंच. तारखेचा हिशोब दुसऱ्या कागदाचा. नोटीस कोणाच्या हाती आली तेही तिथे सांगा. गावाबाहेर राहणाऱ्याचा पत्ता ग्रामपंचायतीला माहीत असेल तर त्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. ताईला पुढच्या नोटिशी थेट हव्या असतील तर तिने आपला पत्ता लेखी कळवावा. एरवी घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती दिली, किंवा कोणीच भेटलं नाही म्हणून दारावर चिकटवली, तरी ती बजावली गेली असं धरतात.

लोकअदालतीच्या कागदाने तुम्ही घाबरलात हे स्वाभाविक आहे. वर तालुका विधी सेवा समितीचं नाव आणि मध्ये 'दाखलपूर्व प्रकरण' असे शब्द असले की कोर्टाचं समन्स आलं असं वाटतं. 'दाखलपूर्व' म्हणजे दावा दाखल होण्याआधीच. इंग्रजीत 'प्री-लिटिगेशन' आहे, पण ताईसाठी "अजून कोर्टात केस झालेली नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी समोर बसून मिटवता येईल, असं हे बोलावणं आहे," असं सरळ लिहा. 'समन्स', 'हिअरिंग', 'अक्यूज्ड' यातला एकही शब्द येऊ देऊ नका. 'जाबदेणार' किंवा 'सामनेवाला' असं आजोबांच्या नावापुढे छापलं असेल तर 'दुसरा पक्ष' एवढंच म्हणा.

तिथे तडजोड दोघांच्या संमतीनेच होते. कोणी गेलं नाही तर तिथे ताईविरुद्ध निकाल लागत नाही, ग्रामपंचायतीचे नेहमीचे मार्ग तेवढे मोकळे राहतात. मात्र तडजोड करून सही केली, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून ताईच्या वतीने तुम्ही किंवा बाबांनी तिथे परस्पर सही करू नये. रक्कम आधीच भरली, तर पावतीची प्रत दाखवून विषय तिथेच संपेल.

दुसऱ्या कागदाचा मसुदाही साध्या मराठीत देतो, म्हणजे सूर कसा ठेवायचा ते कळेल. "ताई, सोबतचा अनुवाद मी केला आहे. तो अधिकृत नाही, शंका आली तर मूळ मराठी नोटीसच खरी. फोटो जोडला आहे. नोटीस बाबांच्या हाती 9 जानेवारीला आली. तीस दिवस 8 फेब्रुवारीला संपतात, तो रविवार आहे. घरात आम्ही राहतो आणि नळ आम्ही वापरतो, त्यामुळे पाणीपट्टीच्या 6,000 रुपयांबद्दल बाबा तुझ्याशी स्वतः बोलतील. मागच्या पावत्या शोधतो आहोत, सापडल्या तर एकूण आकडा कमी होईल. लोकअदालतीचा कागद म्हणजे कोर्टकेस नाही. या नोटिशीने घराची मालकी बदलत नाही." पाणीपट्टीचं वाक्य बाबांना विचारून लिहा. ते तयार नसतील तर "पाणीपट्टी कोणी भरायची ते आपल्याला ठरवायचं आहे" एवढं ठेवा, पण नळ कोण वापरतं हे गाळू नका.

उद्या ताईच्या वकिलाला किंवा बँकेला हा कागद लागला तर तुमचा साधा अनुवाद चालणार नाही. तेव्हा वाक्याला वाक्य लावलेला, अनुवादकाच्या सही-शिक्क्याचा वेगळा अनुवाद करून घ्यावा लागेल. त्यात 'सदर' आणि 'सबब'सुद्धा येतील. 10,816 रुपयांच्या नोटिशीसाठी आत्ताच तो खर्च करू नका.

पैसे ताईने पाठवले तर ते तुमच्या खात्यात आले तरी हरकत नाही, पण ग्रामपंचायतीत भरताना पावती मालमत्ता क्रमांक घालून आणि चारही बाबी वेगळ्या दाखवून घ्या. नुसती 'घरपट्टी 10,816' अशी पावती आली तर काउंटर सोडण्याआधीच दुरुस्त करून मागा. त्या पावतीचं इंग्रजीही तुम्हालाच करून पाठवावं लागणार आहे.